लांब पाइपसाठी जादा गॅस किती भरावा?

स्प्लिट एसीचा पाइप लांब असेल तर जादा गॅस किती भरावा, असे आपण विचारले आहे. आपला एसी आर-३२ गॅसचा आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. समजा, माहितीपुस्तिकेनुसार कारखान्यात भरलेला गॅस ७.५ मीटर पाइपपर्यंत पुरतो आणि पुढे दर मीटरला २० ग्रॅम लागतो. आपला पाइप १२ मीटर असेल, तर जादा लांबी ४.५ मीटर आणि जादा गॅस ९० ग्रॅम.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जाड आणि बारीक अशा दोन्ही पाइपांची लांबी बेरजेत धरणे. मोजायची ती एकेरी लांबी, कारण दर मीटरचा आकडा जोडीसाठीच दिलेला असतो. दुसऱ्या मॉडेलचा आकडा मात्र उसना घेऊ नये, कारण बारीक पाइपचा व्यास बदलला की तोही बदलतो.

व्हॅक्यूम झाल्यावर, सर्व्हिस व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी, सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवून होजमधील हवा काढावी, मगच काटा शून्यावर आणावा आणि वजन ९० ग्रॅमने घटताच सिलिंडर बंद करावा. केवळ गेजवरील दाब पाहून भरू नये. तो बाहेरच्या उन्हाप्रमाणेही बदलतो. भरलेले वजन आउटडोअर युनिटच्या लेबलवर लिहून ठेवावे.