वेगवेगळे प्रश्नसंच आणि प्रश्नांची काठिण्यपातळी

प्रश्न: विद्यार्थ्यांनी वेगवेगळे प्रश्नसंच सोडवले असतील, तर बरोबर उत्तरांच्या टक्केवारीवरून कोणता प्रश्न अवघड ते ठरवता येईल का? की आयआरटी, म्हणजे प्रश्नाचे काठिण्य आणि विद्यार्थ्याची क्षमता वेगवेगळी मोजणारी आयटम रिस्पॉन्स थिअरीच लागेल?

उत्तर: नुसत्या टक्केवारीवरून ठरवू नका. तिच्यात प्रश्नाची काठिण्यपातळी आणि तो सोडवणाऱ्यांची क्षमता एकत्र मिसळलेली असते.

समजा, प्रश्न क हुशार गटाला गेला आणि ७३% जणांना जमला. प्रश्न ख कच्च्या गटाला गेला आणि ५०% जणांना जमला. टक्केवारी म्हणते, ख अवघड. आता आयआरटीतले सर्वांत साधे, राश मॉडेल लावू:

```
ln(p/(1-p)) = θ - b
```

p म्हणजे बरोबर उत्तराची शक्यता, θ म्हणजे क्षमता, b म्हणजे काठिण्य. डाव्या बाजूच्या आकड्याला लॉगिट म्हणतात. सोयीसाठी हुशार गटातल्या सगळ्यांची θ +१ आणि कच्च्या गटाची −१ धरू. ७३% चा लॉगिट साधारण १, म्हणून क चा b = ०. ५०% चा लॉगिट ०, म्हणून ख चा b = −१. म्हणजे ख चांगलाच सोपा निघाला, क्रम उलटला.

पण +१ आणि −१ आले कुठून? खरी मेख इथेच आहे. दोन्ही संचांत काही समान प्रश्न हवेत, किंवा काही विद्यार्थ्यांनी दोन्ही संच सोडवलेले हवेत. असा दुवा नसेल, तर सॉफ्टवेअर प्रत्येक गटाची सरासरी शून्य धरून आकडे देईल आणि जुनीच चूक नव्या रूपात परत येईल. म्हणून आधी दुवा तपासा. समान प्रश्नांचे b दोन्ही गटांत वेगवेगळे काढून पाहा. सगळ्यांत जवळपास सारखाच फरक दिसला पाहिजे. एखादाच भलतीकडे गेला, तर तो दुव्यातून वगळा.

विद्यार्थ्यांनी प्रश्न स्वतः निवडले असतील, तर मात्र आयआरटीचे आकडेही जपूनच वापरा, कारण जमणार नाही असे वाटलेले प्रश्न त्यांनी टाळलेले असतात.