‘त’ आणि ‘थ’ मोजायला एकाच माणसाचा आवाज पुरेल का?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी ‘त’ आणि ‘थ’च्या उच्चारातला फरक मोजायला ‘ताप’ आणि ‘थाप’ मी स्वतःच एकेकदा म्हटले तर चालेल का? बऱ्याच माणसांकडून, बऱ्याच वेळा, तेही शब्दांचा क्रम पिसून म्हणवून घ्यायचं कशाला?

उत्तर: नाही चालणार, कारण त्यातून फक्त तुमच्या उच्चाराबद्दल कळेल, मराठीबद्दल नाही. मुंबईत अशी रेकॉर्डिंग मी नेहमी करते. जीभ दातांवरून सुटल्यापासून स्वरतंतू कंपायला लागेपर्यंतचा वेळ आपण मोजतो. तो मिलिसेकंदांत असतो आणि तोच माणूस तोच शब्द पुन्हा म्हणाला तरी हलतो, म्हणून प्रत्येक शब्द पाच-सहा वेळा घ्या. मध्येच पंखा घरघरला किंवा कुणी अडखळलं, तर तो नमुना टाकून देता येतो.

क्रमाचं दुखणं वेगळं आहे. ‘ताप, थाप’ लागोपाठ आले की वाचणाऱ्याला जोडी कळते आणि तो ‘थ’ मुद्दाम जोर देऊन म्हणतो. यादीतला शेवटचा शब्द लांबतो, सूर खाली येतो. सगळे ‘थ’ शेवटी ठेवलेत, तर दिसणारा फरक ‘थ’चा की थकव्याचा, हे सांगताच येणार नाही. म्हणून ‘आता ___ म्हण’ अशा एकाच वाक्यात शब्द बसवा, मध्ये ‘पाट’, ‘गाव’ असे भलतेच शब्द पेरा आणि प्रत्येक माणसासाठी शब्दांच्या चिठ्ठ्या नव्याने पिसा.

मात्र एकाच माणसाचे साठ उच्चार म्हणजे साठ माणसं नव्हेत. आधी प्रत्येकाची सरासरी काढा, मग माणसांची तुलना करा. वेळ कमी असेल तर आवर्तनं कमी करा, माणसं नको.