हप्ता तोच राहिला, पण लोन २०३६ वरून २०४० वर गेलं

प्रश्न: सर, मी अमळनेर तालुक्यात झेडपी शाळेत शिक्षक आहे, २००८ ची नेमणूक, मे २०३७ ला रिटायर. डिसेंबर २०२१ ला घरासाठी २५ लाखाचं लोन घेतलं, १५ वर्षं, ७ टक्के फ्लोटिंग, हप्ता २२,४७१, जानेवारी २०२२ पासून चालू. चार वर्षांत हप्ता एक रुपयानं वाढला नाही म्हणून निश्चिंत होतो. परवा डिसेंबर २०२५ अखेरचं स्टेटमेंट काढलं तर बाकी २२,६६,७७९ आणि शिल्लक हप्ते १७३! १३२ पाहिजे होते ना? वडिलांच्या केळीचे २ लाख आलेत, बाकी बचत ८० हजार. मेहुणा म्हणतो एफडी कर, बायको म्हणते लोनमध्ये टाका. काय करू?

उत्तर:

भाऊ, बँकेचा हिशोब मी बसून तपासला, तो बरोबर आहे. दर तीन महिन्यांनी रीसेट, म्हणजे व्याजदर नव्यानं ठरतो असं धरून एकेक तिमाही लावत गेलो तर बाकी तुमच्या स्टेटमेंटच्या आकड्यावरच येऊन थांबते. म्हणजे कुणी चोरी केलेली नाही, फक्त व्याज वाढलं ते हप्त्यात न टाकता मुदतीत टाकलं आणि ते तुम्हाला मोठ्या अक्षरात कुणी सांगितलं नाही.

झालं असं. तुमचं लोन रेपोला, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दरानं पैसे देते त्या दराला जोडलेलं आहे, रेपो अधिक ३ टक्के. तुम्ही घेतलं तेव्हा रेपो ४ होता म्हणून ७ पडलं. मग मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत आरबीआयनं सहा वेळा वाढवत रेपो ६.५० वर नेला, आणि एप्रिल २०२३ च्या रीसेटला तुमचा दर ९.५० झाला. हप्ता मात्र तोच २२,४७१. आता हप्त्यातून बँक आधी व्याज कापते, उरलं तर मुद्दल. एप्रिल २०२३ च्या हप्त्यात व्याज गेलं १९,०६३ आणि मुद्दलात पडले फक्त ३,४०८ रुपये. दर ७ च राहिला असता तर त्याच महिन्यात मुद्दलात साधारण ८,६०० पडले असते. केळीच्या बागेला पाणी सोडलं आणि निम्म्याहून जास्त चारीतच मुरलं, तसा प्रकार.

मुद्दल इतकं हळू उतरायला लागलं की त्या दिवशी शिल्लक हप्ते किती झाले माहितेय? २४०. लोन १८० हप्त्यांचं होतं, त्यातले १५ तुम्ही भरून बसलात, आणि तरी सुरुवातीपेक्षा ६० जास्त उरले! तेव्हा स्टेटमेंट बघितलं असतं तर शेवटचा हप्ता मार्च २०४३ दिसला असता. नंतर फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो उतरत ५.२५ वर आला, तुमचा दर ८.२५ झाला, म्हणून १७३ वर आलंय. परवा तुम्हाला धक्का बसला खरा पण खरा वाईट काळ उलटून गेलाय.

आणि हेच लोन १५ ऐवजी २० वर्षांचं घेतलं असतं तर? हप्ता १९,३८२ असता, आणि एप्रिल २०२३ ला नुसतं व्याजच १९,४४८ झालं असतं. म्हणजे हप्ता भरूनही बाकी वाढत गेली असती, लोन कधीच संपलं नसतं. अशा वेळी मुदत ताणायला जागाच राहत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. तुमची मुदत मुळातच कमी होती म्हणून वाचलात.

बँका मुदत का ताणतात तर ते सगळ्यांना सोपं पडतं. हप्ता वाढवायचा म्हटलं की खात्यातून ऑटो कापायचं जे मँडेट तुम्ही सही करून दिलंय त्याची मर्यादा आडवी येते, पगारदाराचं गणित बिघडतं, हप्ता बाऊन्स व्हायची भीती. मुदत वाढवली तर फोनसुद्धा करावा लागत नाही. आरबीआयनं १८ ऑगस्ट २०२३ ला सर्क्युलर काढून हे बंद केलं, आता दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे ग्राहकाला विचारावं लागतं. शिवाय दर तिमाहीला आत्तापर्यंत किती मुद्दल किती व्याज गेलं, हप्ता किती, किती हप्ते उरले आणि दर काय, हे स्टेटमेंट द्यावं लागतं. जुन्या लोनलाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं, म्हणजे तुमची वाढ होऊन गेल्यावर नियम आला. पण तो पर्याय तुम्ही आज मागू शकता.

पुढे स्वतः बघायचं असेल तर दोनच गोष्टी बघा. महिन्याला कापलेलं व्याज गुणिले १२ भागिले बाकी, हा तुमचा खरा दर. जानेवारी २०२६ चं व्याज १५,५८४ पडेल, त्यावरून बरोबर ८.२५ टक्के निघतात. आणि शिल्लक हप्ते मोबाईलमधल्या शीटवर असे निघतात:

```
=NPER(8.25%/12,-22471,2266779)
```

उत्तर १७२.६ येतं, म्हणजे १७३, शेवटचा थोडा लहान. दर बदलला की ८.२५ च्या जागी नवीन दर आणि शेवटी त्या दिवशीची बाकी टाका. दरवर्षी टॅक्ससाठी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट तर तुम्ही काढतच असाल, २०२३-२४ चं शोधून बघा. वर्षभरात २,६९,६५२ भरले आणि त्यात मुद्दल जेमतेम ४२,७०० च्या आसपास दिसेल. व्याज सव्वादोन लाखाच्या वर, आणि जुन्या टॅक्स पद्धतीत घराच्या व्याजाची सूट २ लाखावरच थांबते, म्हणजे वरच्या पंचवीसेक हजाराची सूट पण नाही मिळाली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते इथं खरा मुद्दा व्याजाचा नाहीच, तारखेचा आहे. मूळ लोन डिसेंबर २०३६ ला संपत होतं, तुमच्या रिटायरमेंटच्या पाच महिने आधी, एकदम नेमकं बसवलेलं. आता ते मे २०४० ला संपतंय, म्हणजे पगार थांबल्यावर तीन वर्षं महिन्याला साडेबावीस हजार, एकूण आठ लाखाच्या घरात. २००८ ची नेमणूक म्हणजे जुनी पेन्शन धरून चालता येत नाही, एनपीएसमधून जे येईल त्यातून हे कापून देणं मला पटत नाही. म्हणून लोन परत डिसेंबर २०३६ वर आणायचं, म्हणजे १७३ चे १३२ करायचे, एवढं एकच टार्गेट.

नुसता हप्ता वाढवून करायचं तर २६,१८२ करावा लागेल, महिन्याला ३,७०० जास्त. नुसती एकरकमी भरून करायचं तर ३.२१ लाख लागतात, तेवढे नाहीत. मग दोन्हीचं मिश्रण. पण २ लाख पूर्ण टाकू नका. तुमच्याकडे राखीव ८० हजारच आहेत, आणि झेडपीचा पगार कधी उशिरा होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. १.५० लाख लोनमध्ये, ५० हजार राखीवमध्ये, म्हणजे हाताशी १.३० लाख राहतील. दीड लाख भरल्यावर हप्ता तोच ठेवला तर १७३ चे लगेच १५३ होतात, एका दिवसात २० हप्ते गेले. आणि त्यासोबत हप्ता २२,४७१ वरून २४,४५० केला की बरोबर १३२. दोन हजार जास्त, एवढं जमेल. काहीच न करता चालू ठेवलं असतं त्यापेक्षा एकूण ५ लाखाच्या आसपास कमी जातील.

एफडीचं म्हणाल तर मेहुण्याला विचारा की ८.२५ च्या वर कोणती एफडी देते, टॅक्स कापून. देत नसेल तर तो पैसा लोनमध्येच जास्त कमावतो. राखीवचे १.३० लाख मात्र खुशाल एफडीत ठेवा, ते कमावण्यासाठी नाहीतच.

बँकेत जाताना एक सांभाळा, इथं भले भले फसतात. पार्ट पेमेंट केलं की काही ठिकाणी सिस्टीम आपोआप मुदत तीच ठेवून हप्ता कमी करते. दीड लाख भरून हप्ता वीस-एकवीस हजारावर आला की बरं वाटतं, पण मे २०४० तसंच राहतं, मग केलं काय? म्हणून अर्जात साध्या मराठीत लिहा: "१,५०,००० मुद्दलात जमा करावेत, हप्ता २४,४५० करावा, शिल्लक मुदत १३२ महिने करावी." त्यावर पोच घ्या, नवीन मँडेटवर सही करा, आणि बदललेलं हप्त्यांचं वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. फ्लोटिंग होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला पार्ट पेमेंटचा दंड लागत नाही, कुणी चार्ज सांगितला तर लेखी मागा, आपोआप गप्प होतात. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर टाकता येतं.

त्याच फेरीत अजून एक विचारून घ्या. रेपोवरचे तुमचे ३ टक्के जास्तच आहेत, तुमची बँक आज नवीन गिऱ्हाईकाला किती लावते ते बघा. कमी असेल तर फी भरून जुन्या लोनचा दर बदलून मिळतो का विचारा. समजा अर्धा टक्का कमी करून ७.७५ दिला तर बाकी काही न करता १७३ चे १६४ होतात, नऊ हप्ते, म्हणजे जवळपास दोन लाख. फी काही हजारात असेल तर डोळे झाकून भरा. नकार दिला तर मगच दुसऱ्या बँकेत लोन हलवायचा विचार, कारण तिथं प्रोसेसिंग, वकिलाचा सर्च रिपोर्ट, परत गहाणखत असा सगळा खर्च येतो, आणि नवी बँक गोड बोलून मुदत पुन्हा १५ वर्षं करून देते. तिथंही १३२ वरच अडून बसा.

यापुढे रेपो अजून उतरला आणि बँकेचा हप्ता कमी करायचा मेसेज आला तर नको म्हणा, २४,४५० च चालू ठेवा, मुदत आपोआप खाली येईल. आणि वाढला तर त्या तिमाहीतच हप्ता वाढवून मागा, त्यासाठी दर इन्क्रिमेंटमधले हजारेक रुपये बाजूला धरून ठेवा. अर्ज या महिन्यातच द्या, पुढच्या हप्त्याच्या तारखेच्या आठ दिवस आधी, नाहीतर बदल एक महिना पुढे जातो.