लवादाच्या कलमात एक की अनेक?

तुमच्या भागीदारी कराराचा मसुदा वाचला. ‘लवाद निर्णय देतील’ हे वाक्य बदला. ‘लवाद’ आणि ‘पक्षकार’ हे शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखेच दिसतात, त्यामुळे संख्या कळते ती क्रियापदावरून. तिथे आदरार्थी ‘देतील’ वापरलं की लवाद एक की तीन, हे वाचणाऱ्याला कळत नाही. करारात आदर बाजूला ठेवायचा: ‘एकमेव लवाद निर्णय देईल’. उद्धट वाटतं खरं, पण चालतं. तिघे असतील तर ‘तीन लवाद बहुमताने निर्णय देतील’. ‘चा’सारखा प्रत्यय लागला की सगळी भिस्त अनुस्वारावर असते: ‘लवादाचा’ एक, ‘लवादांचा’ अनेक. टायपिंगमध्ये तो टिंब हमखास गळतो, म्हणून शेवटचं वाचन फक्त त्यासाठी करा.

दुसरी गडबड मोठी आहे. ‘प्रत्येक पक्षकार एक लवाद नेमेल आणि ते दोन लवाद तिसरा नेमतील’ हा साचा दोन पक्षकारांचा. तुमच्या भागीदारी करारात तीन भागीदार आहेत. प्रत्येकाने एक नेमला की तीन होतात, मग ‘ते दोन’ कोण? ‘ते तीन लवाद आणखी एक नेमतील’ अशी दुरुस्ती केली तर चार होतात, आणि १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम १० सम संख्या नको म्हणतं. इथे ‘सर्व पक्षकार मिळून एकमेव लवाद नेमतील’ असं लिहा. ‘प्रत्येक’ ठेवलात तर मात्र क्रियापद एकवचनीच हवं.