चाळलेल्या रेतीतही माती असू शकते: बरणीत तपासून पाहा

«नागपूरला घराचे प्लास्टर सुरू होणार आहे. रेती हातात घेतली की हात मळतो. पुरवठादार म्हणतो, नदीचीच रेती आहे, चाळून घ्या म्हणजे झाले. खरेच तेवढे पुरेल का?»

नाही, पुरणार नाही. चाळणीत खडे, शिंपले आणि मातीची ढेकळे अडकतात; गाळ मात्र रेतीच्या कणांपेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे तो रेतीबरोबर चाळणीतून सरळ खाली उतरतो. आमच्या साइटवरचा शिकाऊ मुलगाही चाळले म्हणजे झाले असेच म्हणाला होता, तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याच्याकडून चाळलेली रेतीच मूठभर उचलून घेतली.

मुलाने मूठ आवळली, उघडली, तर गोळा तसाच राहिला. "माती आहे, मामा," तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "अबे, ओली आहे ती. ओली रेती चांगली असली तरी गोळा होतेच. आधी वाळव." पत्र्यावर उन्हात पसरून वाळवलेली रेती त्यांनी त्याला पुन्हा आवळायला लावली. स्वच्छ कोरडी रेती मूठ उघडताच सुटी होते आणि तळहात झटकला की बहुतेक कोरा राहतो. येथे तळहाताच्या रेघांत काळपट पीठ भरून राहिले. नंतर त्यांनी चिमूटभर रेती कानाजवळ धरून अंगठा आणि बोटात चोळायला सांगितली. चांगल्या रेतीचा कण टोचतो आणि करकरतो. गाळाची रेती मऊ, पिठासारखी सरकते. हाताने कळते ते एवढेच, की गाळ आहे. तो किती आहे, हे सांगायला बरणी लागते.

त्यांनी सरळ उभ्या कडांची पारदर्शक बरणी घेतली. ढिगाच्या वरची रेती पावसाने किंवा पाणी मारल्याने धुतलेली असू शकते, म्हणून नमुना ढिगाच्या चार बाजूंनी आणि आतून खणून घेतला. बरणी निम्मी भरून तीत चमचाभर मीठ घातलेले पाणी पाऊण बरणीपर्यंत ओतले, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवले आणि सपाट जागी ठेवले. मिठामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. साध्या पाण्यात आपली काळी माती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहू शकते. रेती लगेच खाली बसते, गाळ तिच्यावर सावकाश थर धरतो. सुमारे तीन तासांनी मोजले, तेव्हा रेतीचा थर ९ सेंटीमीटर आणि वरचा गाळ १.३ सेंटीमीटर होता, म्हणजे सुमारे १४ टक्के. साइटवर या पद्धतीने साधारण ८ टक्क्यांच्या वर गेलेली रेती घेत नाहीत. हा आकडा आकारमानाचा आहे. गाळाचा थर फुगीर असल्यामुळे वजनाची टक्केवारी कमी येते, म्हणून प्रयोगशाळेच्या आकड्याशी त्याची सरळ तुलना करू नये.

मिस्त्री येण्यापूर्वीच्या टोळीने याच रेतीत समोरच्या भिंतीचे प्लास्टर केले होते. गाळ जास्त असला की मसाल्याला पाणी जास्त लागते, सिमेंट कणाला नीट धरत नाही आणि वाळताना थर आकसतो. त्या भिंतीवर बारीक भेगांचे जाळे उठले आणि नख ओढले की भुकटी पडायची. पुरवठादाराच्या कार्यालयात बरणी घेऊन गेलो, तर त्यांनी वाहतुकीचा पास पुढे केला. त्या पासावर रेती कोठून आली आणि किती आली एवढेच असते, ती कशी आहे हे नसते, पण "माल उतरवून घेतला ना?" यापलीकडे त्यांच्याकडून उत्तर मिळाले नाही. प्लास्टर खरवडून पुन्हा करण्याचा सगळा खर्च आमच्याच अंगावर पडला. माझे स्पष्ट मत असे, की रेतीच्या बाबतीत भांडणाची वेळ ट्रक रिकामा होण्याआधीचीच असते.

उरलेली रेती मिस्त्रींनी ड्रममध्ये ढवळून, वरचे गढूळ पाणी सोडत धुवायला लावली; पुन्हा बरणी लावली तेव्हा ९ सेंटीमीटरवर ०.४ सेंटीमीटर, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत गाळ निघाला. फार धुतली तर बारीक रेतीही वाहून जाते आणि प्लास्टर खरखरीत होते, म्हणून पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुण्याचा हट्ट नसावा.

मी इंजिनीअर नाही. भेगा पाणी कमी मारल्याने किंवा सिमेंट जास्त झाल्यानेही पडतात, आणि स्लॅब-कॉलमच्या रेतीसाठी प्रयोगशाळेचाच अहवाल घ्यावा. दगड फोडून केलेल्या एम-सँडला ही ८ टक्क्यांची मर्यादा लावू नका, कारण तिच्या बरणीत वर बसणारा थर बहुतांशी दगडाची भुकटी असतो, माती नव्हे. ब्रासवर भाव ठरवताना ओली रेती फुगून जागा जास्त व्यापते, हेही लक्षात असू द्या.

बरणीला तीन तास लागतात आणि ट्रकवाला तेवढा थांबत नाही. म्हणून आदल्या दिवशी घमेलेभर नमुना मागवून बरणी लावा, आणि ट्रक आला की फाळका उघडण्याआधी तीच रेती आहे का हे वरून, बाजूने आणि आतून मूठ घेऊन पाहा.