पोळ्याचा मेसेज आणि वीस टक्के

प्रश्न: नागपुरात माझी छोटी खानावळ आहे. पोळ्याला नेहमीच्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा आणि खास जेवणाचं कळवायचं आहे, पण जाहिरात वाटू नये. काय लिहू?

पहिल्यांदा मेसेजातली सूट काढून टाका. लिहिली नसेल तर लिहू नका.

माझं हॉटेल महालात आहे, बत्तीस खुर्च्यांचं. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाने पोळ्याचं रंगीत पोस्टर बनवून घेतलं. शिंगं रंगवलेला बैल, खाली ‘शुभ पोळा’ आणि त्याच्या दुप्पट अक्षरात ‘20% सूट’. सगळ्यांना गेलं. दुसऱ्या दिवशी आमचे एक जुने काका जेवायला आले, रिटायर मास्तर. रोज कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात, भात आधी मागतात. जेवण झाल्यावर गल्ल्यावर फोन ठेवून म्हणाले, “काहून रे, मग आतापर्यंत माझ्याकडून वीस टक्के जास्त घेऊन राहिला होता का?” हसून म्हणाले, पण पुढे आठ दिवस आले नाहीत. भाऊ अजूनही म्हणतो त्यांची तब्येत बरी नव्हती.

पुढच्या वर्षी मी स्वतः लिहिलं. काकांना गेलेला मेसेज असा होता:

“नमस्कार काका. परवा पोळा. तुम्हाला आणि काकूंना शुभेच्छा. त्या दिवशी सकाळी अकरा ते तीन आपल्याकडे एकच ताट राहील: पुरणपोळी, तूप, कढी, कोहळ्याची भाजी, मुगाची भजी, भात. कांदा-लसूण नाही. ताट 220 रुपये. घरी स्वयंपाक असेलच, तर हा नुसता नमस्कार समजा. येणार असाल तर उद्या सहापर्यंत किती जण ते कळवा, डाळ त्या हिशोबाने शिजवतो.”

खाली माझं नाव. हॉटेलचं नाही, पत्ताही नाही. रोज येणाऱ्याला पत्ता काय सांगायचा?

यातलं ‘घरी स्वयंपाक असेलच’ हे वाक्य ठेवाच. पोळ्याला घरोघरी पुरण असतं. त्या दिवशी ‘घरी कशाला राबता, आमच्याकडे या’ असं लिहिलं की घरच्या बाईला ते टोचतं. खानावळीत त्या दिवशी येतात ते खोली करून राहणारी पोरं, आणि ज्यांची मुलं पुण्या-बंगलोरला आहेत असे दोघंच म्हातारे. त्यांना बोलावणं हवं असतं, पण एकटे आहात हे सांगितलेलं नको असतं. एका काकूंनी उत्तरात लिहिलं, “दोन पोळ्या नैवेद्याच्या वेगळ्या काढून ठेव, मातीच्या बैलांपुढे ठेवायच्या आहेत.” आता त्या दरवर्षी सगळ्यात आधी बाजूला निघतात.

सहापर्यंतची वेळही खरी असू द्या. आमच्याकडची पोळी जाड, पुरण ठासून भरलेली, त्यामुळे किलोभर डाळीत साधारण पंचवीसच होतात. पोळ्या करणाऱ्या दोघी चार तासांत दोनशेपर्यंत करतात, म्हणजे आठ किलो डाळ आणि माणशी दोन धरून शंभर ताटं. एका वर्षी मी न मोजता सगळ्यांना कळवलं आणि दीड वाजता पुरण संपलं. बोलावलेल्या माणसाला साधी पोळी वाढताना ताटाकडे बघवत नाही. ‘मर्यादित ताटं, त्वरा करा’ असं मात्र लिहू नका. डाळीचं कारण सांगा, लोकांना कळतं.

पोळ्याच्या सकाळी पाठवू नका. तोवर फोनवर बैलांच्या फोटोंची रांग लागलेली असते. दोन दिवस आधी पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो जातो. एकच टिक दिसली म्हणून माणूस रुसला असं समजू नका, आधी तुमचा नंबर त्याच्याकडे सेव्ह आहे का ते विचारा. आणि लिस्टवर ‘काका’, ‘काकू’ घालता येत नाही. म्हणून रोजच्या पन्नास-साठ जणांना मी एकेक पाठवतो. दोन संध्याकाळी जातात.

दुसऱ्या दिवसाचं जेवण त्याच मेसेजात कोंबायचा मोह होईल. करीला मटण खाणारे बरेच, श्रावण संपलेला असतो. पण पुरणपोळीच्या खालच्याच ओळीत मटण लिहिलं की जुनी माणसं नाक मुरडतात. ते वेगळं कळवा, आणि ज्यांना चालतं त्यांनाच. शिवाय त्या दिवशी मारबत निघते. तुमची खानावळ इतवारी-महालाकडे असेल तर मिरवणुकीत रस्ते बंद राहतात, म्हणून जेवणाची वेळ संध्याकाळचीच द्या.

हे सगळं ओळखीच्या गिऱ्हाइकाचं झालं. मेडिकलजवळ किंवा स्टेशनसमोर असाल, रोज नवा माणूस येत असेल, तर पोस्टर लावा, सूटही द्या, माझं काही म्हणणं नाही. घरपोच डब्यासाठी नंबर दिलेल्यांना मात्र असे मेसेज चालतील का ते एकदा विचारून घ्या.

भाऊ म्हणतो, पन्नास मेसेज टाइप करण्यापेक्षा पोस्टर स्वस्त पडतं. गेल्या पोळ्याला काका काकूंना घेऊन आले, सोबत शेजारचे दोघं. बिल मी भावालाच करायला लावलं, चार ताटं, 880.