सिरीज कोणाची, हे ठरतं कुठे?

*‘एका वेब सिरीजच्या रायटर्स रूममध्ये होते, पायलटचा पहिला ड्राफ्ट माझाच. आता पोस्टरवर डायरेक्टर, क्रिएटेड बायमध्ये प्रोडक्शन हाऊसचे साहेब आणि मी शेवटच्या यादीत. हे असंच असतं का?’*

ताई, पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं परत ठणकलं. मीही इंदूरचाच, रामबागेतला. लेखकांनी एकत्र बसून गोष्ट बांधायची ती रूम, पहिला एपिसोड म्हणजे पायलट, पात्रं आणि पुढची गोष्ट मांडलेलं बायबल, हे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडतो. आणि मी वकील नाही हं, पाहिलंय तेवढंच सांगतोय.

लोकांना वाटतं ज्याचं नाव मोठं त्याची सिरीज. २००४ सालची ‘लॉस्ट’ ही अमेरिकन सिरीज कोणाची विचारा, दहातले नऊ म्हणतील जे. जे. अब्राम्सची. आता झालं काय होतं, की बेटावर अडकलेल्या लोकांची आयडिया एबीसी चॅनलच्या लॉइड ब्राऊनची, तिच्यावर जेफ्री लीबरने स्क्रिप्ट लिहिलं, ते चॅनलला पटलं नाही, त्याला बाजूला केलं. मग अब्राम्स आणि डेमन लिंडेलॉफने नव्याने लिहिलं, पायलट अब्राम्सने डायरेक्ट केला आणि तो लवकरच सिनेमाकडे वळला. रोजचा गाडा ओढला लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूजने, २०१० पर्यंत. तरी क्रिएटेड बायमध्ये लीबर आहे, आणि क्यूज नाही!

कारण तिकडे हे प्रोड्यूसरच्या मर्जीवर नसतं. वाद झाला की रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने नेमलेले लेखकच पंच म्हणून सगळे ड्राफ्ट वाचतात, नावाऐवजी रायटर ए, रायटर बी असं लिहिलेलं असतं. पायलटच्या कथेचं क्रेडिट ज्याला मिळालं, क्रिएटेड बाय साधारण त्याचं, आणि त्याचे पैसे पुढच्या प्रत्येक एपिसोडमागे. ब्राऊनचं नाव तिथे नाही, नुसती आयडिया सांगणं म्हणजे लिहिणं नव्हे. पाटी नीट बघा कधी, लीबरनंतर and हा शब्द आहे आणि अब्राम्स-लिंडेलॉफच्या मध्ये & ही खूण. खूण असली की जोडीने लिहिलंय, शब्द असला की वेगवेगळं.

शोरनर, म्हणजे सगळी सिरीज सांभाळणारा मुख्य लेखक, तर पडद्यावर लिहिलेलाच नसतो, त्याचं नाव बहुतेक एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरमध्ये असतं. आणि तिकडचा डायरेक्टर बऱ्याचदा पाहुणा. ‘ब्रेकिंग बॅड’चा ‘ओझिमँडियास’ हा एपिसोड रायन जॉन्सनने डायरेक्ट केला, लिहिल्याचं नाव मोइरा वॉली-बेकेटचं, पण गोष्ट आधी अख्ख्या रूमने बसून बांधलेली आणि सगळ्यावर हात शोरनर व्हिन्स गिलिगनचा. आपल्याकडे सिनेमाची सवय, म्हणून डायरेक्टर म्हणजे मालक. आपल्या सिहोरकडे शूट झालेल्या ‘पंचायत’चा लेखक चंदन कुमार, हे इंदूरच्या छप्पन दुकानवर किती जण सांगतील? आणि हल्ली शोरनर ही पदवी प्रसादासारखी वाटतात, ज्याने एक पान लिहिलं नाही तोही शोरनर.

माझं सांगतो. नाव घेत नाही, एक प्रोडक्शन हाऊस. बायबल आणि पायलट माझा. करारात एक ओळ होती, ‘क्रेडिट निर्मात्याच्या विवेकाधीन’. मी तिथेच बोट ठेवलं, तर म्हणाले स्टँडर्ड आहे साहेब, सगळे सही करतात. एडिट संपत आल्यावर विचारलं तर क्रिएटिव्हवाले म्हणतात लीगल बघतं, लीगल म्हणतं प्लॅटफॉर्म ठरवतो, प्लॅटफॉर्मवाली बाई म्हणे आम्हाला यादी प्रोडक्शन देतं. तोवर यादी लॉक! कोणी नाही म्हणालंच नाही, म्हणून भांडायचं कोणाशी तेच कळेना. माझं नाव आलं ‘लेखन सहाय्य’मध्ये. आई मोबाइल घेऊन बसलेली, नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आणि पुढच्या एपिसोडची उलटी मोजणी. ती चष्मा लावेपर्यंत पुढचा एपिसोड सुरू, हे तीनदा झालं!

तर माझं मत. ‘योग्य क्रेडिट’ असं मोघम चालवून घेऊ नका, पायलट देण्याआधी करारात नेमके शब्द घाला, की नाव सुरुवातीच्या पाटीवर, लेखक म्हणून, डायरेक्टरएवढ्या अक्षरात, आणि मला काढून दुसरा घेतला तरी माझ्या ड्राफ्टचं क्रेडिट राहील. बायबल मीटिंगआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा. नुसत्या कल्पनेला आपल्याकडेही कॉपीराइट नाही, लिहिलेल्याला आहे. प्रत्येक ड्राफ्ट तारखेसकट पीडीएफ करून मेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, फोन बदलला की सगळं गेलं.

तुमचं आता झालेलंच आहे, तरी कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ वकिलाला दाखवा, हक्क विकले तरी लेखक म्हणवून घ्यायचा हक्क त्यात शिल्लक राहतो. असोसिएशनच्या मेंबर असाल तर तिथे तंटे मिटवणारी कमिटी आहे, ड्राफ्ट आणि मेल घेऊन जा. आयएमडीबीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून नेऊ नका, तिथे माहिती कोणीही पाठवू शकतं. सही केलेल्या करारात क्रेडिटची ओळ नेमकी काय आहे ते नावं झाकून इथे टाका, मग पुढचं बोलू.